ऑडिटमध्ये अकरा व्हाउचर गहाळ : निवृत्त क्लार्ककाका, तरुण ऑडिटर आणि शेवटी उरलेले १,४०० रुपये

सीमा_खजिनदार

नमस्कार. डोंबिवलीतली आमची ४८ सदनिकांची सोसायटी. मी नव्या कमिटीत खजिनदार आहे. २०२३-२४ चं ऑडिट सुरू आहे आणि त्यात जे घडलं ते सविस्तर लिहिते, कारण मला दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे.

आमच्याकडे एक क्लार्क होते, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर ते सोसायटीचं दप्तर सांभाळायला लागले. कीर्द, खतावणी, पावत्या, सगळं हाताने. नोव्हेंबर २०२३ अखेर गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं आणि कमिटीने हिशेब बाहेरच्या एजन्सीकडे दिले. या वर्षी ऑडिटला आलेल्या सीए मॅडम जेमतेम तिशीच्या असतील. त्यांनी एप्रिल ते नोव्हेंबरची व्हाउचर फाइल कीर्दीशी ताडून पाहिली आणि हाफ मार्जिनवर, म्हणजे ऑडिटरच्या शंकांच्या कागदावर, लिहून दिलं : व्हाउचर क्र. ४७, ६१, ८८, १०३, ११६, १३०, १३८ ते १४१ आणि १४४ फाइलमध्ये आढळत नाहीत. कीर्दीनुसार एकूण रक्कम १,११,७५० रुपये. खुलासा करावा.

हा कागद सचिवांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन तासांत "काकांनी लाख रुपये खाल्ले" इथपर्यंत चर्चा गेली. मला फार वाईट वाटलं. मी काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "कीर्द, चेकबुकांच्या काउंटरफॉइल, बँकेत भरण्याच्या स्लिपांचं बुक आणि प्रोसिडिंग बुक काढून ठेव. मी येतो."

शनिवारी ते आले. मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "काका, अकरा व्हाउचर कुठे गेली?"

काका म्हणाले, "मॅडम, अकरा गेलेली नाहीत. आधी दोन वगळा." त्यांनी काउंटरफॉइल उघडली. ४७ चा चेक सही करताना बिघडला होता, १३० वर रंगाऱ्याचं नाव चुकलं होतं. दोन्ही रद्द चेक फॉइलला चिकटवलेले. नंबर दिला गेला, पैसे गेले नाहीत. रंगाऱ्याचा दुसरा चेक लगेच पुढच्या १३१ ला.

मग ६१, १०३ आणि ११६. काही सभासद मेंटेनन्स रोख देतात. ती रोख बँकेत भरली की कीर्दीत रोखीच्या बाजूने खर्ची पडते, आणि काका खर्चाच्या बाजूला जे जे येईल त्याला एकाच मालिकेतला नंबर देत. हे तीन नंबर म्हणजे १२,५००, ९,८०० आणि ११,२०० रुपयांचे भरणे. खर्च नाहीच. व्हाउचरऐवजी बँकेचा शिक्का असलेली स्लिप आहे आणि पासबुकात त्याच तारखेला जमा आहे. मॅडमनी तिन्ही तारखा स्वतः पाहिल्या आणि हाफ मार्जिनवर खुणा केल्या.

८८ सगळ्यात मोठं, ६४,९०० रुपयांचं. जुलैच्या पावसात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरून नुकसान झालं होतं, त्याच्या दुरुस्तीचं. मॅडम म्हणाल्या, "काका, कीर्दीत खर्च ६४,९००, पण बँकेतून ६३,८०० च गेलेत. व्हाउचरही नाही आणि रक्कमही जुळत नाही."

काकांनी कागद घेऊन मांडून दाखवलं. बिल ५५,००० चं, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,९००, म्हणून ६४,९००. टीडीएस जीएसटी वगळून ५५,००० वर, २ टक्क्यांनी १,१००. तो कापून चेक ६३,८०० चा. १,१०० चं चलन टीडीएसच्या फाइलमध्ये. आणि बिलासकट मूळ व्हाउचर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मागितलं म्हणून लिफ्टच्या फाइलमध्ये गेलेलं. मी ती फाइल उघडली, आत व्हाउचर होतं.

इथपर्यंत सहा सुटले. उरलेली पाच रोखीची, सगळी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली. १३८, १३९, १४० : प्लंबर १,९००, टाकी साफ करणारे २,४००, टेंपो १,६५०. ही तिन्ही १० नोव्हेंबरच्या कमिटी सभेच्या प्रोसिडिंगमध्ये खर्चाच्या यादीत नावानिशी मंजूर आहेत. १४४ म्हणजे सफाई कामगाराला दिलेली ६,००० ची दिवाळीची उचल. ती डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत दोन-दोन हजारांनी पगारातून कापली गेली, एजन्सीच्या पगारपत्रकात आहे. मॅडमच म्हणाल्या, "कापून घेतली म्हणजे दिली होती, हे मान्य."

राहिलं १४१. ११ नोव्हेंबर, "गटारातील गाळ काढणे, मजुरी, रु. १,४००". १० तारखेच्या सभेनंतरचं, म्हणून त्या यादीत नाही. डिसेंबरची यादी एजन्सीने फाइलमधल्या व्हाउचरांवरून केली, म्हणून त्यातही नाही. काका म्हणतात, दोन मजूर आले होते, सही-अंगठा घेऊन पैसे दिले. पण कागद नाही.

काकांनी खिशातून पाकीट काढलं. "मॅडम, हे १,४०० माझ्याकडून जमा करून घ्या आणि विषय मिटवा." मॅडमनी हात जोडले. "काका, तसं करू नका. मला पैसे नकोत, खुलासा हवाय."

माझे प्रश्न : १) या १४१ चं काय करावं? २) हाफ मार्जिनच्या उत्तरावर सही कोणाची, काकांची की आमची?

तिसरा_मजला

सोपं आहे. कोरं व्हाउचर घ्या, ११ नोव्हेंबरची तारीख टाका, कोणत्याही मजुराचा अंगठा घ्या, फाइलला लावा. सगळ्या सोसायट्या हेच करतात. १,४०० रुपयांसाठी एवढा खल कशाला?

जुनी_कीर्द

सीमाताई, वरचं अजिबात करू नका. मी सहकार खात्यात लेखापरीक्षणात नोकरी केली, म्हणून ठामपणे सांगतो. ऑडिटरने "आढळत नाही" असं लेखी दिलेलं आहे. त्यानंतर जुन्या तारखेचं व्हाउचर फाइलमध्ये उगवलं तर तुमचा साधा दप्तराचा दोष थेट बनावट कागदात जातो. आज १,४०० ला पुरावा कमी आहे. उद्या बाकीच्या दीडशे व्हाउचरांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता मूळ मुद्दा. काकांनी ज्या क्रमाने उत्तरं दिली तो क्रमच बरोबर आहे. आधी नंबर खरंच खर्चाचा आहे का ते बघायचं, मग पैसे कुठून गेले ते, आणि कागद सगळ्यात शेवटी. नवीन मुलं फाइलपासून सुरुवात करतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. त्यात तिचा दोष नाही. तिने विचारायलाच हवं होतं आणि तिने नीट लेखी विचारलं. बोभाटा ऑडिटरने केलेला नाही, हाफ मार्जिन ग्रुपवर टाकणाऱ्याने केला. तो कागद ऑडिटर आणि संस्था यांच्यातला असतो, खुलासा होईपर्यंत तो आरोप नसतो.

आणखी एक पाहा. तुमची खरोखर हरवलेली पाचही व्हाउचरं रोखीची आणि एकाच आठवड्यातली आहेत. याचा अर्थ बहुधा एक गठ्ठा हरवला. रोखीच्या चिठ्ठ्या क्लिपात ठेवून महिनाअखेरीस फाइलला टाचायची पद्धत असते. तसं होतं का? असेल तर पावती पुस्तकांच्या आत, जुन्या बिलबुकात, लॉकरमध्ये शोधा. पैसे खाणारा माणूस पाच कागद सलग गायब करून स्वतःकडे बोट दाखवून घेत नाही.

सीमा_खजिनदार

हो, अगदी तसंच. काका म्हणाले, "सुटी व्हाउचरं क्लिपात होती, १२ तारखेला दिवाळी, मग ऑफिसला रंग लागला." त्यानंतरची रोखीची व्हाउचरं मात्र फाइलला आहेत. आज पुन्हा कपाट शोधते.

मोरपीस

आमच्याकडे पण हाच त्रास आहे! मी मेंटेनन्स रोख भरला, पावती दिली नाही आणि आता थकबाकीत नाव लावलंय. व्हाउचर मागितलं तर देत नाहीत. तक्रार कुठे करायची?

अर्धा_लेखापाल

मोरपीस, तुमचा विषय वेगळा आहे. तुम्ही पैसे भरलेत, त्याची संस्थेने द्यायची ती पावती. इथे संस्थेने दिलेल्या पैशांच्या व्हाउचरांबद्दल चाललंय. तुम्ही सचिवांना लेखी पत्र द्या, त्यावर पोच घ्या आणि तुमच्या खात्याचा उतारा मागा. पैसे दिलेली तारीख आठवत असेल तर त्या तारखेची रोख जमा उताऱ्यात दिसते का ते बघा. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहितो.

सीमाताई, मला एक शंका आहे. व्हाउचर नसेल तर तो अपहारच धरतात ना? सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागू शकते असं आमच्या सचिवांनी सांगितलं होतं.

जुनी_कीर्द

कलम ८३ आहे हे खरं, पण ती निबंधकांमार्फत होणारी चौकशी आहे, हरवलेल्या कागदामुळे आपोआप लागत नाही. ऑडिटरला हिशेबात गुन्हा झाल्याचं दिसलं तर तो निबंधकांना विशेष अहवाल देतो. त्यासाठी पैसे गेल्याचं काहीतरी चिन्ह लागतं. इथे साधा दोष आहे. ऑडिट अहवालात शेरा येईल आणि संस्थेला कलम ८२ खाली तीन महिन्यांत "ओ" नमुन्यात दोष दुरुस्ती अहवाल पाठवावा लागेल. तिथे १४१ बद्दल लिहायचं, बस.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडचा. आमच्या सोसायटीत अगदी उलटं झालं होतं, म्हणून लिहितोय. तीन वर्षं एकही व्हाउचर गहाळ नव्हतं. फाइल इतकी सुंदर की ऑडिटर कौतुक करायचे. मग एका नव्या सभासदाने बसून फक्त प्लंबरची बिलं तारखेप्रमाणे लावली. एप्रिलचं बिल ३१, मेचं ३२, जुलैचं ३३, सप्टेंबरचं ३४. म्हणजे त्या प्लंबरला सहा महिन्यांत आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाइकच नव्हतं! बिलबुक आमच्याच माणसाच्या खणात होतं. दोन बिलांवर तर प्लंबर गावाला गेलेला असतानाच्या तारखा. तेव्हापासून मी व्हाउचर आहे का हे बघून थांबत नाही, ते खरं कशावरून हे बघतो. तुमच्या काकांवर संशय घेणाऱ्यांना हे सांगा.

जुनी_कीर्द

कृष्णाकाठ, हे सोन्यासारखं उदाहरण आहे. बिलांचे नंबर, एकाच पेनाची शाई, आणि ५,००० च्या वरच्या रोख रकमेवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. लबाडीची फाइल बहुतेक वेळा पूर्ण असते.

पण यावरून उलटा निष्कर्षही काढू नका. व्हाउचर नाही म्हणजे माणूस प्रामाणिक, असंही होत नाही. सीमाताई, काम सोडताना काकांनी रोख शिल्लक मोजून दिली होती का?

सीमा_खजिनदार

हो. ३० नोव्हेंबरला चार्ज यादी केली होती. रोख शिल्लक २,११५, कीर्दीप्रमाणे बरोबर, त्या वेळच्या खजिनदारांची सही आहे. मग यावरून १४१ सिद्ध होत नाही का? १,४०० खर्च झाले नसते तर पेटीत तेवढे जास्त निघाले असते.

जुनी_कीर्द

नाही होत. पेटीतून १,४०० कमी झाले एवढंच त्यातून कळतं, ते मजुराला गेले की आणखी कुठे, हे कळत नाही. तुमच्या ऑडिटर मॅडमही हेच म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. मात्र कीर्दीवर रोजची शिल्लक आहे का? ११ तारखेच्या पानावर खजिनदारांची सही असेल तर तिला वजन आहे, कारण तो खर्च महिन्यानंतर घुसडलेला नाही हे त्यावरून दिसतं.

चार्ज यादीत "व्हाउचर फाइल" एवढंच लिहिलंय की नंबर कुठून कुठपर्यंत, कोणते बाहेर, कोणत्या फाइलमध्ये, हेही आहे?

सीमा_खजिनदार

"व्हाउचर फाइल, नग ३" एवढंच. ११ तारखेच्या पानावर सही आहे, पण ते खजिनदार आता पुण्याला राहायला गेलेत. फोनवर म्हणाले, "सही माझीच, पण मजूर आठवत नाहीत."

जुनी_कीर्द

तुमचा सगळा त्रास त्या "नग ३" मध्ये आहे. यादीत "१ ते १५२, पैकी ८८ लिफ्ट फाइलमध्ये, ४७ व १३० रद्द" एवढी ओळ असती तर हाफ मार्जिनवर आठच नंबर आले असते. आणि ८८ काढलं तेव्हा त्याच्या जागी एक चिठ्ठी आणि बिलाची झेरॉक्स लावायला हवी होती. हे त्या वेळच्या खजिनदारांनी बघायचं असतं, एकट्या क्लार्कचं काम नाही.

तुमचे प्रश्न. सही सचिव आणि खजिनदारांची. काका आता संस्थेचे नोकर नाहीत, आणि असते तरी उत्तर संस्थेनेच द्यायचं असतं. काकांचं निवेदन सोबत जोडा : त्यांच्या शब्दांत, आजच्या तारखेचं, जेवढं आठवतं तेवढंच. मजुरांची नावं आठवत नसतील तर तसं लिहावं. तुमच्या उत्तरात प्रत्येक नंबरसमोर पुरावा कुठे आहे ते लिहा, म्हणजे पासबुकाचं पान, स्लिपचा नंबर, प्रोसिडिंगची तारीख. १४१ पुढे स्पष्ट लिहा की मूळ व्हाउचर सापडत नाही, कीर्दीची नोंद आणि खजिनदारांची सही आहे.

काकांकडून पैसे घेऊ नका. भरले तर कीर्दीत ते कशाचे म्हणून लिहाल? "अपहाराची वसुली" लिहिलं तर काकांवर शिक्का बसेल, "देणगी" लिहिलं तर ते खोटं. कमिटीने ठराव करून खर्चाला मंजुरी द्यावी आणि वार्षिक सभेत अहवालासोबत वाचून दाखवावं.

तिसरा_मजला

मंजुरी देऊन मोकळं होणं म्हणजे तरी काय वेगळं? पुरावा नाहीच आणि कमिटी म्हणते खर्च खरा. उद्या १४ हजारांचं व्हाउचर गेलं तर तेही असंच मंजूर करणार का? माझं पहिलं म्हणणं मागे घेतो, पण वसुली व्हावी. काकांकडून नको, तर सही करणाऱ्या खजिनदारांकडून.

अर्धा_लेखापाल

मुद्द्यात दम आहे. मंजुरीमुळे खर्च सिद्ध होत नाही, फक्त जबाबदारी कमिटीवर येते. आमच्याकडे एका वर्षी सभेने अशी मंजुरी नाकारली होती आणि रक्कम "येणे" म्हणून ताळेबंदात अडकून पडली. अजून तिथेच आहे.

जुनी_कीर्द

सभेला नाकारायचा हक्क आहे, मान्य. मात्र रकमेचा आकार आणि बाकीच्या दप्तराची अवस्था बघून ठरवावं. आठ महिन्यांत १५२ नंबर, त्यात एकाचा प्रश्न. १४ हजारांचं असतं तर मीही मंजुरी द्या म्हटलं नसतं, आधी मजूर शोधा म्हटलं असतं. सफाई कामगाराला विचारलंत का? गटाराला मजूर बहुतेक तोच आणतो.

सीमा_खजिनदार

सगळ्यांचे आभार. घडलं ते लिहिते.

कपाटात क्लिप सापडली नाही. सफाई कामगाराला विचारलं. तो म्हणाला, दिवाळीच्या आदल्या दिवशी मागच्या गटाराला त्याच्या गावचे दोघे आणले होते, हे नक्की. पैसे किती दिले ते त्याला माहीत नाही, एकजण आता मुंबईत नाही. दुसऱ्याचा नंबर त्याने दिलाय, फोन लागत नाहीये. मॅडमनी त्याचं म्हणणं स्वतः ऐकलं आणि मला सांगितलं की काम झालं हे त्या मान्य करतात, रक्कम नाही.

सोमवारी सचिवांच्या आणि माझ्या सहीने उत्तर दिलं. काकांचं निवेदन सोबत जोडलं. त्यांनी दोन पानं लिहिली होती, मॅडमनी पूर्ण वाचली आणि विचारलं, "काका, बँकेत भरलेल्या रकमेला खर्चाच्या मालिकेतला नंबर का देत होतात? वेगळी मालिका असती तर मला तीन नंबर कमी शोधावे लागले असते." काका म्हणाले, "आमच्या कचेरीत रोखीतून जे बाहेर पडेल त्याला नंबर, असंच होतं. रोखपाल बदलला तरी शेवटचा नंबर सांगायला सोपं." मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढच्या वर्षापासून भरण्याची वेगळी मालिका ठेवा असा शेरा येणार आहे, आणि काकांनाही तो पटला.

दहा नंबर निकाली निघाले. १४१ चा शेरा अहवालात राहील. ग्रुपवर मी अकराही नंबरांचा तक्ता पुराव्यांसह टाकला आणि "लाख रुपये" लिहिणाऱ्यांना तो शब्द मागे घ्यायला सांगितलं. दोघांनी घेतला, एकाने नाही.

वसुली की मंजुरी, हे कमिटीत अजून ठरलेलं नाही. तीन विरुद्ध तीन आहेत आणि सभा सप्टेंबरमध्ये. कोणाच्या सोसायटीत असा शेरा "ओ" नमुन्यात मंजुरीच्या ठरावावर मिटला असेल, तर ठरावाचे शब्द इथे टाकाल का?

कृष्णाकाठ

आमचा ठराव जुन्या प्रोसिडिंगमध्ये आहे. रविवारी कपाट उघडलं की टाकतो.